दुसरी गाडी घ्यावी की भाड्याचीच चालू ठेवावी?

*सर, नमस्कार. कराडला आमची बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट, बटर असा माल असतो. एक छोटा हत्ती स्वतःचा आहे, तो शहरात आणि आसपासच्या गावांत फिरतो. सातारा लाइनला भाड्याची गाडी लावतो. महिन्याला २४ फेऱ्या, फेरीला २,००० रुपये. डिझेल-ड्रायव्हर त्यांचा, टोल आमचा. गणपती ते दिवाळी वीसेक फेऱ्यांना २,८०० मोजावे लागतात. नवी गाडी बंद बॉडीसह, पासिंग-विमा धरून ७ लाख २० हजारांना पडतेय. सहा लाख कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के, हप्ता साधारण १३,०००. पुतण्या म्हणतो, "काका, भाडं ४८ हजार, डिझेल लागेल साडेसोळा हजाराचं, दोन वर्षांत गाडीचे पैसे वसूल." सीए म्हणाले, पेबॅक काढा, नेट प्रेझेंट व्हॅल्यूही काढा, मग ठरवा. पुढच्या वर्षी पाटण लाइन आठवड्यातून दोनदा सुरू करायचा विचार आहे. जीएसटीत आम्ही कंपोझिशनला आहोत, आयकर रिटर्न प्रिझम्प्टिव्हने भरतो. काय करावं?*

*— एक बेकरीवाले, कराड*

नमस्कार.

आज जेवढ्या फेऱ्या आहेत तेवढ्यांवर ही गाडी घेऊ नका. पाटण लाइन सुरू झाली तर उत्तर बदलू शकतं, पण तिथेही ते अगदी काठावर येतं. हे कसं, ते सविस्तर सांगतो, कारण तुमचे आकडे तुम्हालाच पुन्हा मांडता यायला हवेत. डिझेल आणि भाडं बदलत राहणार, आणि त्यांच्याबरोबर उत्तरही.

सुरुवात पुतण्याच्या हिशोबापासून करू. त्याने फेरीमागच्या बचतीचा विचार केला, ही दिशा बरोबर आहे. त्याच्या डिझेलच्या आकड्यावरून दिसतं की त्याने फेरी १२० किलोमीटरची, सरासरी १६ ची आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरलंय. म्हणजे फेरीला ६९० रुपये. मी तेच धरतो. पण टायर, ऑइल, ब्रेक, क्लच यांचा खर्चही किलोमीटरबरोबरच वाढतो. माल भरून रोज हायवेला जाणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे सव्वा रुपया धरला तर फेरीला १५० होतात. तुमच्या पहिल्या गाडीची बिलं काढून हा आकडा तपासा, माझ्यापेक्षा ती बिलं जास्त खरी. असे ८४० रुपये २,००० मधून गेले की फेरीमागे १,१६० रुपये वाचतात.

आता जो खर्च गाडी हलली नाही तरी होतो, तो बघा. पुतण्याने ड्रायव्हर धरलेलाच नाही. पगार महिना १५,००० आणि दिवाळीला एक पगार बोनस धरला तर वर्षाला १,९५,००० रुपये होतात. विमा, पासिंग, पीयूसी, किरकोळ दंड यांना मिळून ४०,००० धरू. एकूण २,३५,०००. शिवाय महिन्यातून एखाद्या दिवशी ड्रायव्हर येणार नाही किंवा गाडी गॅरेजात असेल, आणि त्या दिवशी माल पोचवायला भाड्याचीच गाडी लागेल. त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या फेऱ्या २४ नव्हे, २३ धरायच्या. वर्षाच्या झाल्या २७६.

२७६ फेऱ्यांवर १,१६० प्रमाणे ३,२०,१६० रुपये वाचतात. त्यातून २,३५,००० वजा केले की वर्षाला हाती राहतात ८५,१६० रुपये. पुतण्याच्या हिशोबात हाच आकडा पावणेचार लाखांच्या पुढे होता. ७ लाख २० हजार भागिले ८५,१६०, म्हणजे पेबॅक, गाडीचे पैसे वसूल व्हायला लागणारा काळ, दोन वर्षांचा नाही, साडेआठ वर्षांचा येतो.

या हिशोबात मी काय घेतलं नाही, तेही सांगतो, कारण लोक तिथेच सर्वांत जास्त अडखळतात. टोल घेतला नाही. तो आजही तुमच्याच खिशातून जातो आणि गाडी घेतली तरी जाणार. गाडीबरोबर जाणाऱ्या सेल्समनचा पगारही त्याच कारणाने घेतला नाही. निर्णयाने जो पैसा बदलत नाही, त्याला या कागदावर जागा नाही. घसारा घेतला नाही, कारण घसाऱ्याचा पैसा कुणाला द्यावा लागत नाही; गाडीची पूर्ण किंमत आपण पहिल्या दिवशीच मोजतो आणि शेवटी ती विकून जे येईल ते जमेला धरतो, त्यात झीज आलीच. प्रिझम्प्टिव्हमुळे तुमचं काम आणखी सोपं झालंय. तुमचा कर उलाढालीवर ठरतो, खर्चावर नाही. भाडं दिलंत काय आणि गाडी घेतलीत काय, कर तेवढाच राहतो, म्हणून तोही बाहेर. नियमित हिशोबवह्या ठेवणाऱ्याला मात्र कर धरावा लागतो. त्याने एवढं लक्षात ठेवावं की स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीवर घसारा १५ टक्के मिळतो; ३० टक्के दर गाडी भाड्याने चालवण्याचा धंदा करणाऱ्यासाठी आहे. कंपोझिशनमुळे गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा किंमत पूर्ण ७ लाख २० हजारच धरायची.

हप्ताही घेतलेला नाही, आणि याचं तुम्हाला नवल वाटेल. कर्ज हा गाडीचे पैसे कुठून आणायचे याचा प्रश्न आहे. गाडी फायद्याची आहे का, हा त्याच्या आधीचा प्रश्न. व्याजाचा भार आपण पुढे वर्तमान मूल्य काढताना टक्केवारीतून घेणारच आहोत. हप्ताही वजा केला तर तेच व्याज दोनदा मोजलं जाईल, आणि गाडीची किंमतही एकदा रोख आणि एकदा हप्त्याच्या मुद्दलातून अशी दोनदा लागेल.

आता सीएंनी सांगितलेली नेट प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य. पुढे वाचणारा पैसा आजच्या भावाने मोजायचा आणि त्यातून गाडीची किंमत वजा करायची. पेबॅकमध्ये पाचव्या वर्षी वाचलेला रुपया आणि पहिल्या वर्षी वाचलेला रुपया एकाच भावाने मोजले जातात, आणि गाडी विकून येणारा पैसा तर मोजलाच जात नाही. वर्तमान मूल्य या दोन्ही गोष्टी दुरुस्त करतं. तुम्हाला पैसा ११ टक्क्यांनी मिळतो. वरचे १ लाख २० हजार तुमच्या खेळत्या भांडवलातून जाणार, आणि तिथे हंगामाआधी मैदा-डालडा एकरकमी घेतला तर सवलत मिळते. म्हणजे त्या पैशाचं मोल ११ पेक्षा थोडं जास्तच आहे. म्हणून मी १२ टक्के धरतो. या दराने वर्षाअखेर वाचणारे ८५,१६० रुपये आजच्या ७६,०३६ रुपयांच्या बरोबरीचे. पाचव्या वर्षीचे तेवढेच रुपये आजच्या ४८,३२२ च्या. पाचही वर्षांची बेरीज येते सुमारे ३ लाख ७ हजार.

पाच वर्षांत गाडी १ लाख ६५ हजार किलोमीटर पळालेली असेल. तेव्हा ती किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला, २ लाख ४० हजारांना विकली जाईल असं धरू. ते आजचे झाले १ लाख ३६ हजार. दोन्ही मिळून ४ लाख ४३ हजार. त्यासाठी आज मोजायचे ७ लाख २० हजार. निव्वळ वर्तमान मूल्य उणे २ लाख ७७ हजार. याचा अर्थ, गाडी घेतलीत तर आजच्या पैशात पावणेतीन लाखांनी तुमचा धंदा मागे जातो.

पाचही वर्षं मी बचत सारखीच धरली, यावर कुणी म्हणेल की भाडं तर दरवर्षी वाढतं. वाढतं खरं, पण डिझेल आणि ड्रायव्हरचा पगारही वाढतो, आणि तिसऱ्या वर्षानंतर गाडीचं काम जास्त निघायला लागतं. या गोष्टी एकमेकींना बऱ्याच कापतात, म्हणून पहिल्या मांडणीत सपाट आकडा घेणं मला योग्य वाटतं. तुमच्याकडे भाड्याच्या पाच वर्षांच्या नोंदी असतील तर तुम्ही वाढ धरून बघा.

पुतण्या एक्सेलवर करणार असेल तर B1 मध्ये -720000, B2 ते B5 मध्ये 85160 आणि B6 मध्ये विक्रीची रक्कम मिळवून 325160 लिहायला सांगा. सूत्र असं:

```
=NPV(12%,B2:B6)+B1
```

B1 कंसाच्या बाहेरच हवं. एक्सेल कंसातल्या पहिल्या आकड्यालाही एक वर्ष पुढचा समजतं. गाडीची किंमत आत टाकली तर उत्तराचं चिन्ह बदलत नाही, पण आकडा खऱ्यापेक्षा लहान दिसतो, आणि दोन पर्यायांची तुलना करताना त्याने दिशाभूल होते.

आता सणाच्या भाड्याचं. वीस फेऱ्यांना ८०० जास्त, म्हणजे वर्षाला १६,००० रुपये. स्वतःची गाडी असेल तर हेही वाचतील, तेव्हा ते बचतीत धरायलाच हवेत. पाच वर्षांचे आजचे होतात सुमारे ५८ हजार. पावणेतीन लाखांचा खड्डा त्याने भरत नाही. गाडी न मिळाल्याने माल राहिला असे दिवस असतील तर तेही मोजा, मात्र बुडालेली विक्री लिहू नका. त्या विक्रीतला तुमचा नफा आणि शिळा होऊन परत आलेल्या मालाची किंमत एवढंच लिहा.

खरा अडसर कुठे आहे हे आता दिसलं असेल. गाडीच्या किमतीपेक्षा ड्रायव्हरचा पगार जड पडतोय. वर्षाला १ लाख ९५ हजार देऊन तुम्ही ज्या माणसाला ठेवाल, तो दिवसाला एकच फेरी करून दुपारी मोकळा होणार. भाड्याच्या गाडीचा मालक मात्र बहुतेक स्वतःच चालवतो आणि तुमचा माल उतरवून दुपारनंतर दुसऱ्याचं काम करतो. त्याच्या गाडीचा अख्खा दिवस तुमच्या एकट्याच्या अंगावर पडत नाही, म्हणून तो २,००० मध्ये येऊ शकतो. घरी कुणी म्हणेल, नवी नको, चार लाखांची जुनी बघू. त्यानेही हा अडसर हटत नाही. जुन्या गाडीलाही ड्रायव्हर तेवढाच लागतो, दुरुस्ती जवळपास दुप्पट होते आणि गॅरेजातले दिवस वाढतात. मी ढोबळ मांडून पाहिलं तर ते उत्तरही उणे दोन लाखांच्या आसपास आलं.

उत्तर पालटायचं असेल तर त्याच ड्रायव्हरकडून, त्याच दिवशी, दुसरी फेरी व्हायला हवी. म्हणून पाटण लाइन महत्त्वाची. दुकानं धरून ८० किलोमीटरची फेरी समजू. भाड्याने १,५०० पडतील, स्वतःच्या गाडीला डिझेल-दुरुस्ती मिळून ५६०, म्हणजे फेरीमागे ९४० ची बचत. महिन्याला आठ फेऱ्या धरल्या तर वर्षाला ९०,२४० रुपये. पहिल्या बचतीत हे मिळवले की १,७५,४०० होतात, आणि निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ४८ हजारांवर येतं. आता गाडी घ्यावीशी वाटेल. पण सकाळी साताऱ्याला जाऊन आलेला माणूस दुपारी पाटणला फुकट जाणार नाही. त्याला फेरीला २०० रुपये भत्ता दिलात की तेच उत्तर उणे २१ हजार होतं. सणाचे १६,००० धरलेत की पुन्हा अधिक ३७ हजार. साध्या भत्त्याने ज्या उत्तराचं चिन्ह उलटतं, त्या उत्तराच्या जोरावर कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय यात गाडी २ लाख ४० हजारांना विकली जाईल हे गृहीत आहे. ती पाचव्या वर्षी दीड लाखालाच गेली तर आजच्या पैशात आणखी ५१ हजार कमी होतात.

पाटणबद्दल एक काळजी घ्या. ९४० रुपयांची बचत तेव्हाच खरी, जेव्हा गाडी नसती तरी तुम्ही ती लाइन भाड्याने चालवली असती. पाटणच्या फेरीत मालावर १,५०० रुपयेही सुटत नसतील, तर भाड्याने ती लाइन तुम्ही चालवणारच नाही. मग भाडं वाचलं असं म्हणता येणार नाही. तिथे त्या फेरीच्या मालातला नफा घ्या आणि त्यातून ५६० आणि भत्ता वजा करा. नवी लाइन गाडीच्या बाजूने दाखवताना ही चूक फार सहज होते, कारण कागदावर ती बचतच दिसते.

हप्त्याकडे आता वळू. फायद्याचा प्रश्न संपल्यावर झेपण्याचा प्रश्न येतो, आणि तिथे हप्ता बघायचाच असतो. वर्षाचे हप्ते होतात १ लाख ५६ हजार. आजच्या फेऱ्यांवर गाडी वाचवते ८५ हजार, सणाचे धरून एक लाख. म्हणजे पाच वर्षं दरमहा जवळपास पाच हजार रुपये बेकरीच्या दुसऱ्या कमाईतून भरत राहावे लागतील. पाटणसकट, भत्ता देऊन, सणाचे धरून बचत १ लाख ७२ हजार होते. हप्ता निघतो, पण महिन्याला तेराशेच रुपये उरतात. एकदा गिअरबॉक्सचं काम निघालं की ते संपले.

पेबॅक मी याच ठिकाणी वापरतो. निर्णय त्याच्यावर सोडत नाही, पण तो धोका दाखवतो. पाटणसकट, सणाचे धरूनही तो चार वर्षं दोन महिने येतो. स्वतःला विचारा, सातारा लाइनवरची मोठी दुकानं चार वर्षं तुमच्याकडेच राहतील अशी खात्री आहे का? त्यातली दोन-तीन दुसऱ्या बेकरीकडे गेली आणि तुम्हाला फेऱ्या २४ वरून १८ वर आणाव्या लागल्या, तर भाड्याची गाडी त्याच दिवशी कमी करता येते. स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर, विमा आणि हप्ता कमी होत नाही.

तेव्हा आधी गाडीवाल्याशी बोला. आज तुम्ही त्याला फुटकळ फेरीचा दर देताय, आणि महिन्याला २४ फेऱ्यांचं बांधीव काम देताय. त्याला वर्षाचा करार द्या, पैसे ठरलेल्या तारखेला द्या, आणि महिना ४२,००० मागा. म्हणजे फेरीला १,७५०. सणाला वेगळा दर नाही, आणि त्याची गाडी बंद पडली तर बदली गाडी त्याने द्यायची, हे कागदावर लिहून घ्या. डिझेल ठरावीक रुपयांनी वर गेलं तर फेरीला किती वाढ द्यायची तेही लिहा, नाहीतर तो तीन महिन्यांत करार मोडेल आणि दोष त्याचा नसेल. हे जमलं तर एक रुपया न गुंतवता वर्षाला ७२,००० वाचतात, सणाचे १६,००० वेगळे. गाडी विकत घेऊन सव्वासात लाखांवर जेवढं वाचत होतं, जवळपास तेवढंच. आणि हा दर मिळाला की गाडीची तुलना आजच्या २,००० शी करायची नाही, या १,७५० शी करायची. तेव्हा गाडीची वर्षाची बचत ८५ हजारांवरून १६ हजारांवर येते.

पाटण लाइन भाड्याच्या गाडीनेच सुरू करा. तीन-चार महिने फेऱ्या, किलोमीटर, भाडं आणि फेरीमागे मालावर काय सुटलं, हे एका वहीत लिहा. दोन्ही लाइनी मिळून स्वतःच्या गाडीने महिन्याला ३४-३५ फेऱ्या खरोखर निघतायत आणि गाडीवाला दर कमी करायला तयार नाही, असं दिसलं तर वरची मांडणी नव्या आकड्यांनी पुन्हा करा आणि मला कळवा. त्या वेळी कोटेशन दोन ठिकाणांहून घ्या, सीएनजी मॉडेलचंही एक घ्या. तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि सकाळी तिथे किती वेळ रांगेत जातो, हेही त्याच वहीत लिहून ठेवा, कारण पाव सात वाजता दुकानात पोचला नाही तर स्वस्त इंधनाची बचत परत आलेल्या मालात जाते.